डोळा लवणे व चिंतेतील कापरे

पापणीचा एखादा भाग आपोआप, थांबून थांबून फडफडणे याला डोळा लवणे म्हणतात. बाईचा डावा आणि पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ, अशी जुनी समजूत आहे. वैद्यकात मात्र डाव्या-उजव्याला अर्थ नाही. बहुधा एकाच डोळ्याची खालची पापणी लवते. डोळा मिटणाऱ्या स्नायूकडे चेहऱ्याच्या मज्जातंतूचे धागे येतात, त्यांतला एखादा मेंदूचा हुकूम नसताना संदेश सोडतो आणि त्याच्या ताब्यातले मोजके स्नायुतंतू आखडतात. ज्याची पापणी लवते त्याला ती जोरात उडतेय असे वाटते, पण समोरच्याला बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. जागरण, ताण आणि चहा-कॉफी ही नेहमीची निमित्ते.

हाताचे कापरे वेगळ्या वाटेने येते. प्रत्येकाचा हात सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीक थरथरतच असतो. घाबरल्यावर रक्तात ॲड्रेनलिन वाढते, ते स्नायूंवर काम करते आणि हीच थरथर डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी होते. पसरलेल्या बोटांवर कागद ठेवला की ती स्पष्ट दिसते. दम्याचा सालब्युटामोल पंप ओढल्यावर हात कापतात तेही याच कारणाने. धास्तीत भराभर श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मज्जातंतू जास्त संवेदनशील होतात आणि ओठांना, बोटांना मुंग्या येतात.

स्पर्धा परीक्षेच्या तोंडावर रात्री दोनपर्यंत जागणारा, चहावर चहा पिणारा विद्यार्थी घ्या. आधी पापणी लवते. तो मोबाइलवर शोधतो आणि नेमका स्नायू झिजवत त्यांची ताकद घालवणाऱ्या मोटर न्यूरॉनच्या आजाराबद्दल वाचतो. आता तो अंगावर पाळत ठेवतो, तेव्हा पोटरीतली फडफडही जाणवू लागते. अशी फडफड अनेक निरोगी माणसांत असते, एरवी तिकडे लक्ष जात नाही इतकेच. भीतीने झोप आणखी उडते, फडफड वाढते. अशा वेळी फडफड मोजत बसण्यापेक्षा ताकद पाहावी. तो चवड्यांवर आणि टाचांवर चालू शकतो, शर्टाची बटणे पूर्वीसारखी लावतो, मांडी-दंड बारीक झालेले नाहीत. मग नुसत्या फडफडीला घाबरण्याचे कारण नाही. परीक्षा संपून झोप भरून निघाली की ती बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरते.

डोळा पूर्ण मिटू लागला, लवणे त्याच बाजूच्या गालाकडे किंवा ओठाच्या कोपऱ्याकडे सरकले, पापणी खाली लोंबली किंवा फडफड बरेच आठवडे थांबलीच नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. फडफडीबरोबर पायातून चप्पल निसटणे, हातातली वस्तू पडणे किंवा स्नायू झिजणे दिसले तर उशीर करू नये. मांडीवर निवांत ठेवलेला एकच हात कापत असेल तर तो केवळ चिंतेचा मानू नये. कापऱ्याबरोबर वजन घटत असेल, सतत धडधडत असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करतात.