ज्वारीच्या भाकरीपासून दुधापर्यंत: एंगेलचा नियम

1850च्या दशकात बेल्जियममधल्या 153 कामगार कुटुंबांचा वर्षभराचा जमाखर्च एदुआर द्युक्पेत्यो यांनी गोळा केला. त्यांनी कुटुंबांचे तीन गट पाडले होते: सरकारी मदतीशिवाय ज्यांचं भागत नाही अशी, कसंबसं स्वतःच्या कमाईवर निभावणारी आणि जरा सुस्थितीतली. सॅक्सनीच्या संख्याशास्त्र कार्यालयाचे प्रमुख एर्न्स्ट एंगेल यांनी हे आकडे हाती घेतले. (मार्क्सचे सहकारी फ्रीडरिश एंगेल्स वेगळे.) पहिल्या गटाचा अन्नावरचा खर्च एकूण खर्चाच्या जवळपास 71 टक्के होता, दुसऱ्याचा 67 आणि तिसऱ्याचा 62. यावरून 1857 साली एंगेल यांनी नियम मांडला की कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा.

या नियमाबद्दल एक गैरसमज नेहमी होतो. पैसा आला की माणसं खाण्यावर कमी खर्च करतात, असं एंगेल म्हणत नाहीत. खर्च वाढतोच, पण बाकीच्या खर्चांपेक्षा सावकाश वाढतो, म्हणून त्याचा वाटा उतरतो.

कारण विचारलं तर पटकन उत्तर येतं, की पोटाला मर्यादा असते. ते खरं आहे, पण अपुरं आहे, आणि त्यात काय राहून जातं हे महाराष्ट्रातल्याच आकडेवारीवरून फार छान कळतं. 1983 साली राष्ट्रीय नमुना पाहणीत राज्याच्या ग्रामीण भागातल्या हजारो कुटुंबांच्या खर्चाची नोंद झाली होती. शंकर सुब्रमणियन आणि अँगस डीटन यांनी ती तपासून 1996 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या घराचा एकूण खर्च दहा टक्क्यांनी जास्त, त्याचा अन्नावरचा खर्च साधारण साडेसात टक्क्यांनी जास्त निघाला. पण पोटात जाणाऱ्या कॅलरी मात्र तीन ते पाच टक्क्यांनीच जास्त होत्या.

मग उरलेला पैसा गेला कुठे? तो गेला त्याच कॅलरी अधिक महाग रूपात घेण्यात. ज्वारी-बाजरी हा कॅलरी मिळवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग. हातात चार पैसे जास्त आले की ताटात तांदूळ-गहू वाढतो, मग तेल, साखर, दूध, फळं येतात. भाकरीतून मिळणाऱ्या हजार कॅलरी आणि दुधातून मिळणाऱ्या हजार कॅलरी यांच्या किमतीत मोठा फरक असतो. म्हणजे पोट भरल्यावरही अन्नखर्च थांबत नाही. चव, पोषण आणि पाहुण्यांपुढे काय ठेवायचं याची इभ्रत त्याला पुढे ढकलत राहते. मला या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते: भूक आणि आवड एकाच किराणा यादीत असतात, आणि त्या वेगवेगळ्या मोजता येतात.

आता हिशोब मांडून पाहू. एखादं घर महिन्याला 10,000 रुपये खर्च करतं, त्यातले 6,000 अन्नावर. एकूण खर्च 11,000 झाला आणि अन्नखर्च साडेसात टक्क्यांनी वाढला, तर तो 6,450 होईल. घरात 450 रुपयांचं जास्त खाणं आलं, तरी वाटा 60 टक्क्यांवरून 58.6वर उतरला. उरलेले 550 रुपये कपडे, प्रवास, शिक्षण, औषधं यांकडे गेले.

पण हा वाटा पाहून घराची सांपत्तिक स्थिती ठरवायची तर जपून. समजा, दोन भावांची मिळकत सारखी आहे. एक गावी स्वतःच्या घरात राहतो आणि दुसरा मुंबईत भाड्याच्या खोलीत. मुंबईकराच्या खर्चातला मोठा तुकडा भाडं खाऊन टाकतं, त्यामुळे तो जेवणात काटकसर करतो आणि अन्नाचा वाटा घसरतो. कागदावर तो अधिक सुखवस्तू दिसेल, प्रत्यक्षात उलट असेल.

किंमतीही असाच घोळ घालतात. डाळ-भाजी महागली तर लोक खाणं फारसं कमी करत नाहीत, म्हणून उत्पन्न तेवढंच असूनही वाटा वाढतो. भारताच्या ग्रामीण कुटुंबांचा अन्नावरचा वाटा 2011-12 मध्ये जवळपास 53 टक्के होता, 2022-23 मध्ये तो 46.4वर आला. पुढच्याच वर्षी मात्र तो 47वर गेला, आणि त्या काळात खाद्यपदार्थांचे भाव चढेच होते.

म्हणून वाटा घसरलेला दिसला की आधी बघावं, कोणता दुसरा खर्च फुगला. नंतर अन्नाच्या आतला हिशोब उघडावा. धान्याचा हिस्सा कमी होऊन दूध, अंडी, फळं यांचा वाढला असेल, तर घर खरंच वर आलं आहे. दूधही कमी झालं असेल, तर ते पैसे भाड्यात, दवाखान्यात किंवा कर्जाच्या हप्त्यात गेले असण्याचा संभव आहे.