हिंदी लेखातला नुक्ता: मजकूर तपासायला देण्यापूर्वी

हिंदी मासिकासाठी आलेल्या लेखात नुक्त्याच्या चुका दोन तऱ्हांच्या असतात. हवा तिथे नुक्ता नसणे ही पहिली. तिच्याबाबत सवलत आहे: हिंदीत रुळलेले 'कलम', 'किला' यांसारखे शब्द बिननुक्त्याचे लिहिणे मानक हिंदी वर्तनीला मान्य आहे. नको तिथे नुक्ता देणे ही दुसरी, आणि ती कोणत्याही धोरणात चूकच ठरते. 'जलील' म्हणजे थोर, 'ज़लील' म्हणजे नीच. श्रद्धांजलीच्या लेखात हा एक ठिपका फार महागात पडतो.

हे वाक्य पाहा:

'वज़ह पूछी तो ज़वाब मिला कि इज़ाजत के बगैर क़िताब का कागज नहीं बदलेगा, फ़िर भी कोशिश ज़ारी है।'

निर्णय कानावर सोडू नये, उर्दू कोशातली अक्षरे पाहावीत. 'वजह', 'जवाब' आणि 'जारी' यांत जीम आहे, म्हणून साधा ज. ज़े, ज़ाल, ज़ाद किंवा ज़ोय असेल तरच ज़. 'इजाज़त'मध्ये आधी जीम, मग ज़े. म्हणजे इथे नुक्ता आहे, पण चुकीच्या अक्षराखाली. 'किताब'मध्ये काफ़ आहे, क़ाफ़ नाही. 'फिर' उर्दूत पे आणि दोचश्मी हे जोडून लिहितात, फ़े वापरून नव्हे, म्हणून साधा फ. राहिले 'बग़ैर' आणि 'काग़ज़': दोन्हींत ग़ैन, आणि 'काग़ज़'च्या शेवटी ज़ाल.

मराठी माणसाने 'जगह'पाशी विशेष सावध राहावे. आपल्या 'जागा'तला ज दंततालव्य. तोच कानात असल्याने हात 'ज़गह' लिहून जातो. शब्द जीमचाच आहे.

लेख देताना धोरण कळवा: पाचही अक्षरांना (क़, ख़, ग़, ज़, फ़) नुक्ता, की फक्त ज़ आणि फ़ यांना. दुसऱ्या धोरणात वरचे शब्द 'बगैर' आणि 'कागज़' होतील. नुक्ते अजिबात नको असतील, तरी 'राज' (राज्य) आणि 'राज़' (गुपित) अशा जोड्यांत तो ठेवावा, असे आम्ही सुचवतो.

जुन्या फाँटमधून युनिकोडात आणलेल्या मजकुरात आणखी एक दोष लपतो. नुक्ता (U+093C) व्यंजनाला लागून, वेलांटीच्या आधी यायला हवा. रूपांतरात तो वेलांटीनंतर पडला की 'ज़िंदगी'चे 'जि़ंदगी' होते. छापल्यावर फरक पटकन दिसत नाही, पण शोध घेतल्यास शब्द सापडत नाही. शिवाय ज़ कधी एकाच संकेताने (U+095B), तर कधी ज आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी टंकलेला असतो. सगळा मजकूर आधी दोन संकेतांच्या रूपात आणावा, मग शोधावे. 'सगळे बदला' मात्र वापरू नये: 'सजा'चे सरसकट 'सज़ा' केले, तर 'सजा हुआ घर'सुद्धा शिक्षेत जाते.