बायनरी फाइलमध्ये एक बाइट सरकला तर

साध्या मजकुराच्या फाइलीत छोट्या शब्दाच्या जागी मोठा शब्द टाकला, की पुढचा सगळा मजकूर सरकतो आणि काहीही बिघडत नाही. कोणता शब्द कितव्या बाइटवर आहे याची नोंद तिथे कुणी ठेवलेलीच नसते. कंपाइल केलेल्या प्रोग्रॅममध्ये मात्र ही नोंद जागोजागी असते.

लिनक्सवरचा एक प्रोग्रॅम घेऊ. तो आपला डेटा `/opt/app1/data` या फोल्डरमध्ये शोधतो आणि हा पत्ता त्याच्या आतच कोरलेला आहे. आता फोल्डर `/srv/app/data` इथे हलवायचा आहे, पण सोर्स कोड हाताशी नाही. जुना पत्ता 14 बाइटांचा, नवा 13 चा. सरळ शोधून बदलला, तर त्यापुढचा प्रत्येक बाइट एक घर मागे येतो.

अशा फाइलीच्या सुरुवातीला एक तक्ता असतो: अमुक भाग फाइलीत इतक्याव्या बाइटपासून सुरू होतो, त्याची लांबी इतकी, तो मेमरीत इथे ठेवायचा. तक्त्यातले आकडे जुनेच राहतात आणि त्यांनी दाखवलेल्या जागी आता एक बाइट पुढचा मजकूर असतो. प्रोग्रॅम सुरू करून देणारा लोडर तिथून लायब्ररींची माहिती वाचायला जातो आणि त्याच्या हाती भलतेच आकडे लागतात. त्यामुळे बहुतेकदा प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच कोसळतो. तक्ता दुरुस्त करूनही भागत नाही, कारण सूचनांमध्येही ‘इथून इतके बाइट पुढे असलेली गोष्ट घे’ अशी अंतरे पक्की लिहिलेली असतात. ती सगळी शोधून बदलणे म्हणजे सुटे भाग जोडून प्रोग्रॅमची फाइल बनवणाऱ्या लिंकरचे काम पुन्हा करणे, तेही त्याच्याकडची माहिती नसताना.

म्हणून लांबी तीच ठेवायची. सी भाषेत शब्दमाला शून्य किमतीच्या बाइटवर संपते, त्यामुळे छोट्या पत्त्याच्या शेवटी असा एक बाइट जोडून 14 ची भरती करता येते. कोंडा ही पॅकेज व्यवस्था याच तत्त्वावर चालते. पॅकेज बांधताना तिथे मुद्दाम 255 अक्षरांचा लांबलचक पत्ता कोरतात आणि इन्स्टॉल करताना त्या जागी खरा, आखूड पत्ता लिहून उरलेली जागा शून्यांनी भरतात. शून्ये कुठे भरायची हे मात्र महत्त्वाचे. मूळ शब्दमाला `/opt/app1/data/list.txt` अशी असेल आणि शून्य `data` नंतर लगेच आले, तर फाइलीचे नाव तुटून जाईल. म्हणून राहिलेले शेपूट आधी पुढे ओढायचे आणि शून्ये अगदी शेवटी ठेवायची.

शून्यांची युक्ती फसते ती लांबी वेगळी लिहून ठेवलेली असेल तेव्हा. रस्ट आणि गो या भाषांत शब्दमालेसोबत तिची लांबीही असते. सी++ मध्येही कंपायलर कधी कधी लांबी आधीच मोजून सूचनेत घालून टाकतो. मग प्रोग्रॅम शून्यासकट 14 बाइट उचलतो आणि फोल्डर सापडत नाही. पत्त्यांच्या बाबतीत यावर एक उत्तम तोड आहे. पत्त्याच्या मधे दोन तिरप्या रेघा आल्या तरी लिनक्स त्यांना एकच मानते, म्हणून `/srv//app/data` लिहायचे: नेमके 14 बाइट, शून्याची गरजच नाही.

```
cp prog prog.new
perl -pi -e 's#/opt/app1/data#/srv//app/data#g' prog.new
cmp -l prog prog.new
```

शेवटची आज्ञा बदललेला प्रत्येक बाइट एकेका ओळीत दाखवते. पत्ता एकदाच असेल तर बरोबर सहा ओळी यायला हव्यात. शेकडो ओळी आल्या, तर काहीतरी सरकले आहे असे समजून ती प्रत टाकून द्यावी.

मराठी भाषांतरासाठी मात्र हा मार्ग अजिबात धरू नये. `Open` ला चार बाइट लागतात. ‘उघडा’ शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण त्यात काना धरून चार चिन्हे आहेत आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. झाले बारा. तेवढी जागा तिथे नसतेच. शिवाय लिंकर पुष्कळदा एका शब्दमालेचे शेपूटच दुसरी शब्दमाला म्हणून वापरतो, त्यामुळे एक संदेश बदलला की दुसराही बदलतो. त्यासाठी गेटटेक्स्टसारखी व्यवस्था हवी, जिथे भाषांतरे वेगळ्या फाइलीत राहतात.

वर्डची `.docx` फाइल दाबून लहान केलेली असते, तेव्हा बदलायचा शब्द आत त्या रूपात सापडणारही नाही. एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंदीसोबत लांबी असते आणि इंडेक्समध्ये त्याच मजकुराची दुसरी प्रत असू शकते. तिथे `UPDATE` हाच रस्ता. लायब्ररी शोधण्याचा कोरलेला मार्ग लांब करायचा असेल तर `patchelf` वापरावे, ते त्यासाठी फाइलीत नवी जागा करून तक्तेही सुधारते. आणि डिजिटल सही असलेल्या फाइलीत लांबी जुळवूनही उपयोग नाही, कारण सही बाइटांच्या संख्येवर नव्हे, त्यांच्या किमतीवर केलेली असते. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर असा बदललेला प्रोग्रॅम नव्याने सही केल्याशिवाय चालत नाही. सही जुळली नाही की सिस्टीम तो बंद पाडते.