रेस्पिरेशन, ब्रीदिंग आणि श्वसन: शालेय जीवशास्त्रातील संज्ञांची जुळणी

कोल्हापुरातल्या मराठी माध्यमाच्या अनेक शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग चालतात. भाषा आणि समाजशास्त्रे मराठीतून, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. अशा वर्गात जीवशास्त्राचा धडा शिकवताना फोटोसिंथेसिस, रेस्पिरेशन, ट्रान्स्पिरेशन, सेल, टिश्यू या इंग्रजी संज्ञांसमोर बालभारतीच्या मराठी पुस्तकातली संज्ञा मांडावी लागते. वहीत त्यासाठी दोन रकाने आखायची पद्धत आहे. बहुतेक संज्ञा या दोन रकान्यांत नीट बसतात, रेस्पिरेशन मात्र बसत नाही.

सोप्या जोड्या आधी पाहू. फोटोसिंथेसिस म्हणजे प्रकाशसंश्लेषण. दोन्ही शब्दांची घडण सारखीच आहे: प्रकाशाच्या साहाय्याने साध्या पदार्थांची जोडणी. क्लोरोफिल म्हणजे हरितद्रव्य आणि क्लोरोप्लास्ट म्हणजे हरितलवक. इथे मराठी शब्दच मुलांच्या मदतीला येतो, कारण एक द्रव्य आहे आणि दुसरा ते द्रव्य बाळगणारा पेशीतला घटक, हे नावातूनच कळते. स्टोमॅटा म्हणजे पर्णरंध्रे, मायटोकाँड्रिया म्हणजे तंतुकणिका, ऑस्मोसिस म्हणजे परासरण. ट्रान्स्पिरेशनला बाष्पोत्सर्जन आणि बाष्पोच्छ्वास असे दोन शब्द भेटतात. वर्गासाठी पहिला बरा. दुसऱ्यातला ‘उच्छ्वास’ पाण्याच्या वाफेला उगाच श्वासाशी नेऊन जोडतो.

आता रेस्पिरेशन. इंग्रजी पुस्तकात ब्रीदिंग आणि रेस्पिरेशन हे दोन शब्द आहेत. ब्रीदिंग म्हणजे हवा आत घेणे आणि बाहेर सोडणे, म्हणजे श्वासोच्छ्वास. रेस्पिरेशन म्हणजे मुख्यतः पेशीत अन्नाचे ऑक्सिडीकरण होऊन ऊर्जा मोकळी होणे. त्यासमोर ‘श्वसन’ लिहिले की जुळणी झाली असे वाटते. पण मराठीत श्वसन हा शब्द दोन्हीकडे चालतो. दहावीच्या पुस्तकातच श्वसन शरीरस्तरावर आणि पेशीस्तरावर अशा दोन पातळ्यांवर सांगितले आहे. पहिल्यात शरीर आणि भोवतालचे वातावरण यांच्यात वायूंची देवाणघेवाण होते, दुसऱ्यात अन्नपदार्थांचे ऑक्सिडीकरण. शिवाय नाक, श्वासनलिका आणि फुप्फुसे यांची मिळून श्वसनसंस्था होते. त्यामुळे ‘श्वसन’ म्हटले की मुलाच्या डोळ्यांसमोर छाती वरखाली होते, तंतुकणिका येत नाही. इंग्रजीतही रेस्पिरेटरी सिस्टीम म्हणजे फुप्फुसेच, तेव्हा सगळा दोष मराठीच्या माथी मारायला नको.

यातून होणारी चूक उत्तरपत्रिकेत ठरावीक रूपात दिसते: ‘वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात.’ लिहिणाऱ्याने प्रकाशसंश्लेषण हा झाडाचा दिवसाचा श्वास मानला आहे. खरे तर झाडाच्या जिवंत पेशींत श्वसन रात्रंदिवस चालू असते. भर उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा वेग श्वसनापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून बेरीज-वजाबाकीनंतर ऑक्सिजन बाहेर पडताना दिसतो. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबते आणि एकटे श्वसन उरते. हे वाक्य चुकले असेल तर मुलाला शब्द माहीत नाही असे नव्हे. शब्द पाठ आहे, तो चुकीच्या क्रियेला चिकटलेला आहे.

हा गुंता शब्दांच्या यादीने सुटत नाही, मोड आलेल्या मटकीने सुटतो. मिसळीच्या गावात ती घरोघरी मिळते. एका चंबूत मोड आलेली मूठभर मटकी घ्यायची. चुन्याच्या निवळीने भरलेली छोटी परीक्षानळी दोऱ्याने आत लोंबकळत ठेवायची आणि चंबूला घट्ट बूच लावायचे. शेजारी दुसरा तसाच चंबू, पण त्यात उकळून गार केलेली मटकी. काही तासांनी पहिल्या चंबूतली निवळी दुधाळ होते, म्हणजे कार्बन डायऑक्साइड तयार झाला आहे. दुसऱ्यातली बऱ्यापैकी स्वच्छ राहते. मग वर्गाला विचारायचे: मटकीला नाक कुठे आहे, फुप्फुसे कुठे आहेत? श्वासोच्छ्वास नाही, तरी रेस्पिरेशन आहे. त्याचे समीकरण फळ्यावर असे येते:

C₆H₁₂O₆ + 6O₂ → 6CO₂ + 6H₂O + ऊर्जा

प्रयोग दोन ठिकाणी फसतो. बूच सैल असेल तर बाहेरच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड दोन्ही नळ्यांवर साय आणतो आणि फरक दिसेनासा होतो. दुसरे म्हणजे चंबू दोन-तीन दिवस तसेच ठेवले तर उकळलेल्या मटकीची निवळीही दुधाळ होते. तेव्हा ‘मेलेले दाणेही श्वसन करतात’ असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात दाणे आंबलेले असतात आणि श्वसन त्यांच्यावर वाढलेले जिवाणू करत असतात. झाकण उघडल्यावर येणारा वास हे सांगतो. म्हणून निरीक्षण त्याच दिवशी घ्यावे. उकळलेले दाणे चंबूत टाकण्यापूर्वी जंतुनाशकाने धुतले तर आणखी चांगले.

उलटी बाजू तालमीत दिसते. डाव लांबला की पैलवानाला धाप लागते, म्हणजे त्याचा श्वासोच्छ्वास जोरात चालू असतो. तरीही जोराच्या झटापटीत त्याच्या स्नायूंची ऊर्जेची गरज ऑक्सिजनच्या पुरवठ्यापुढे जाते. मग पेशी काही ऊर्जा ऑक्सिजनशिवाय मिळवतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होते. ॲनेरोबिक रेस्पिरेशनला मराठी पुस्तकात विनॉक्सिश्वसन म्हणतात. ज्याने श्वसन आणि श्वासोच्छ्वास एकच मानले आहे, त्याला ‘ऑक्सिजनविना श्वसन’ हा शब्दच अशक्य वाटतो. मटकी पाहून झाल्यावर तो तितका विचित्र राहत नाही. (दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे, ही तालमीत सांगितली जाणारी गोष्ट मात्र खरी नाही. ते आम्ल विश्रांतीनंतर लवकरच निघून जाते.)

तेव्हा वहीत दोनऐवजी तीन रकाने केलेले बरे: इंग्रजी संज्ञा, मराठी संज्ञा आणि ‘कुठे घडते’. ब्रीदिंगसमोर श्वासोच्छ्वास, फुप्फुसे. रेस्पिरेशनसमोर नुसते श्वसन न लिहिता पेशीस्तरावरील श्वसन, पेशीद्रव्य व तंतुकणिका. फोटोसिंथेसिससमोर प्रकाशसंश्लेषण, हरितलवके. रेस्पिरेशन शरीरस्तराबद्दल आहे की पेशीस्तराबद्दल, हे प्रत्येक वाक्यात तिसऱ्या रकान्यावरून ठरवता येते.

एक अडचण मराठी पुस्तकाबाहेरून येते. बरीच मुले हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करतात. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन हे शब्द हिंदीतही तेच असल्याने बाकीचेही तसेच असतील असे त्यांना वाटते. पण मराठीत सेलला पेशी म्हणतात, हिंदीत कोशिका. हिंदीतली पेशी म्हणजे मसल, ज्याला मराठीत स्नायू म्हणतात, आणि हिंदी पुस्तकात स्नायु हा शब्द लिगामेंटसाठी येतो, ज्याला मराठीत अस्थिबंध म्हणतात. म्हणून हिंदी व्हिडिओतून ‘पेशी थकती है’ ऐकून आलेल्या मुलाच्या वहीत सेलसमोर काय लिहिले आहे, हे एकदा उघडून पाहावे लागते.