दरोड्याची तयारी आणि धानाचा ट्रक

बीड, परभणी, लातूरच्या दैनिकांत ही बातमी अधूनमधून असतेच: दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद, कोयता, टॉमी, दोरी, मिरचीपूड जप्त. दरोडा पडलेलाच नसतो, तरी गुन्हा दाखल होतो. कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम 310(4) नुसार दरोड्याची नुसती तयारीसुद्धा गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण हा अपवाद आहे. बहुतेक गुन्ह्यांत तयारीला शिक्षा नसते, ती प्रयत्नापासून सुरू होते.

समजा, एक जण एकटाच मोंढ्यातलं गोदाम फोडायचं ठरवतो. दिवसा पाहणी करतो, पहार विकत घेतो, रात्री तिकडे निघतो. वाटेत अडवला तर घरफोडीच्या प्रयत्नाचा गुन्हा त्याच्यावर सहसा टिकत नाही. रात्री घरफोडीची हत्यारं सबळ कारणाशिवाय बाळगली म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली कारवाई होईल, पण तो वेगळा आणि लहान गुन्हा झाला. कुलपाला पहार लावली, की प्रयत्न सुरू झाला. आत सोयाबीनचं एक पोतंही नसलं तरी तो सुटत नाही. संहितेतलंच उदाहरण आहे: चोरानं दागिन्यांसाठी पेटी फोडली आणि तिच्यात दागिनेच नव्हते, तरी तो चोरीचा प्रयत्नच.

कुलपाच्या अलीकडे रेषा नेमकी कुठे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून चांगलं कळतं. पंजाबातून परवान्याशिवाय धान दिल्लीकडे नेणारा ट्रक समालखा नाक्यावर पकडला गेला. दिल्लीची हद्द अजून काही मैल पुढे होती. 1968 मध्ये न्यायालय म्हणालं, ही तयारीच. हद्दीपर्यंतच्या वाटेत ट्रकवाल्यांचं मन बदलू शकलं असतं. ट्रक तिथूनच माघारी वळला असता, तर कुणाचंही काही बिघडलं नसतं.

दुसरं प्रकरण वसईजवळच्या खाडीकाठचं. देशाबाहेर चोरून पाठवायच्या चांदीच्या लगडी ट्रक आणि जीपमधून रात्री काठावर आणल्या, काही उतरवल्या आणि खाडीत यांत्रिक बोटीचा आवाज येत होता. बोटीत काहीच चढलं नव्हतं. खालच्या न्यायालयांपैकी सत्र न्यायालयानं आरोपींना सोडलं आणि उच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे फिरवलं: कृती शेवटून दुसरीच असावी लागते असं नाही, ती गुन्ह्याला पुरेशी जवळ हवी आणि तिच्यातून हेतू स्पष्ट दिसायला हवा.

माझ्या मते नुसतं अंतर मोजणं इथे फसवं ठरतं. माल उतरवण्याची जागा, वेळ आणि बोट हे तिन्ही एकत्र आल्यावर दुसरा अर्थच उरत नव्हता. दोरी आणि मिरचीपूड मात्र शेतावरच्या घरातही सापडते. म्हणून दरोड्याच्या तयारीच्या खटल्यात पाच किंवा अधिक जणांनी मिळून लुटायचा बेत पुराव्यानं दाखवावा लागतो, आणि पंच फितूर झाले किंवा जप्तीचा पंचनामा संशयास्पद ठरला, की खटला तिथेच ढासळतो.