कोजागिरीचं दूध आणि पोटातली गुडगुड

चाळिशीतला माणूस. दिवसाला दोन चहा, जेवणात दही, कशाचाच त्रास नाही. कोजागिरीला मात्र आटवलेल्या मसाला दुधाचा मोठा पेला रिचवतो आणि पहाटेपर्यंत पोटात गुडगुड, गॅस, शेवटी जुलाब. सकाळी घरात निदान होतं, 'तुला दुधाची ॲलर्जी आहे.'

ही ॲलर्जी नव्हे. १०० मिली दुधात साधारण ५ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. चहात जेमतेम ४० मिली दूध, म्हणजे २ ग्रॅम. ३०० मिली दूध आटवून केलेल्या त्या पेल्यात १५ ग्रॅम. पाणी उडतं, साखर तशीच राहते. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही. गडी त्या रेषेच्या पलीकडे गेला, इतकंच.

ही साखर फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात तयार होतं आणि जगातल्या बहुतांश माणसांत बालपणानंतर ते घटतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात. १९६०च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य डॉक्टर याला दुर्मीळ दोष समजत. मग अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये बेलेस आणि रोझेन्सवाइग यांनी निरोगी प्रौढांना तपासलं. १९६६च्या त्यांच्या निबंधात कृष्णवर्णीयांत हे प्रमाण गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसलं. मोठेपणीही दूध पचणं हाच खरा अपवाद आहे, हे हळूहळू पटत गेलं. २००२मध्ये फिनलंडच्या संशोधकांना त्या अपवादामागचा जनुकीय बदल सापडला. भारतातही तोच बदल आढळतो. वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी.

ॲलर्जीचं प्रकरण साखरेचं नाहीच. तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणा केसीनसारख्या दुधातल्या प्रथिनांवर उलटते: अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप. तिथे घोटभर दूधही धोक्याचं ठरू शकतं. दही किंवा लॅक्टेजची गोळी काही वाचवत नाही, कारण प्रथिनं दोन्हीकडे तशीच असतात. अशी लक्षणं दिसली तर घरगुती प्रयोग करू नयेत, डॉक्टर गाठावा.

दही का चालतं, याचं उत्तर १९८४मध्ये आलं. विरजणातले जिवाणू थोडी साखर आधीच खातात, हे ठाऊक होतं. पण ते आतड्यात पोचल्यावरही त्यांचं विकर उरलेली साखर फोडत राहतं, हे तेव्हा दिसलं. त्यासाठी ते जिवंत हवेत. उकळलेल्या कढीत ते मरतात, तेव्हा कढी चालली नाही म्हणून दह्याला दोष देऊ नका. श्रीखंडाची गोष्ट आणखी सोपी: चक्का टांगला की बरंचसं लॅक्टोज पाण्याबरोबर निथळून जातं.

गोळीतलं लॅक्टेज बुरशीपासून किंवा यीस्टपासून काढतात. पाकिटावर विकराची ताकद एफसीसी युनिटांत छापलेली असते. युरोपात एका खाण्यासाठी किमान ४,५०० धरतात. गोळी पहिल्या घोटाबरोबर घ्यायची. पोट गुडगुडू लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आणि ती त्याच वेळच्या दुधापुरती असते: गप्पांच्या ओघात दोन तासांनी दुसरा पेला भरला, तर गोळीही दुसरी लागते.