‘राजाराम बंधारा’ची लांबी चौदा की चाळीस?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे लक्ष पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडे लागलेले असते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. समजा, ही पातळी कळवणारा एक छोटा बायनरी संदेश आपल्याला आखायचा आहे: आधी ठिकाणाचे नाव, मग इंचांतील पातळी. वाचणाऱ्या प्रोग्रामपुढे बाइटांची एक सलग रांग येते आणि तिच्यात नाव कुठे संपते हे त्याला आपोआप कळत नाही, म्हणून नावाच्या आधी त्याची लांबी लिहितात. लांबीसाठी नेहमीच चार बाइट राखले तर छोट्या नावांमागे तीन बाइट वाया जातात, आणि एकच बाइट ठेवला तर २५५ च्या पुढे जाता येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे गरजेप्रमाणे लांबणारा पूर्णांक, ज्याला प्रोग्रामर ‘व्हेरिंट’ म्हणतात. संख्येचे धाकट्या बाजूने सात-सात बिटांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा एका बाइटात ठेवायचा. उरलेला आठवा, म्हणजे सर्वांत वरचा बिट पुढे आणखी तुकडा असेल तर १ आणि नसेल तर ० ठेवायचा. प्रोटोकॉल बफर्समध्ये आणि डॉटनेटच्या `BinaryWriter` मध्ये स्ट्रिंगची लांबी अशीच लिहिली जाते. १२७ पर्यंतची लांबी एका बाइटात मावते. २१० ही लांबी घेतली, तर तिचे धाकटे सात बिट म्हणजे ८२ आणि वर उरतो १. ८२ मध्ये १२८ मिळवून पहिला बाइट हेक्साडेसिमलमध्ये `D2` होतो आणि दुसरा `01`; पुढेही बाइट याच पद्धतीने लिहिले आहेत.

इथवर सारे सोपे आहे. खरा प्रश्न आहे तो लांबी कशाची मोजायची हा, आणि मराठीत लिहिणाऱ्यांना तो इतरांहून लवकर भेडसावतो. ‘राजाराम बंधारा’ या नावात काना आणि अनुस्वार वेगळे मोजले, तर मधल्या जागेसह १४ युनिकोड चिन्हे आहेत आणि पायथॉनमधील `len` हाच आकडा देते. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि जागा एक, म्हणून प्रत्यक्षात लिहिले जातात १३ गुणिले ३ अधिक १, म्हणजे ४० बाइट. पातळी ३९ फूट ४ इंच, म्हणजे ४७२ इंच असेल, तर बरोबर संदेश `28`, मग नावाचे ४० बाइट, मग `D8 03` असा असतो.

आता लिहिणाऱ्याने ४० ऐवजी १४, म्हणजे `0E`, लिहिले असे धरू. वाचणारा १४ बाइट उचलतो. त्यांत ‘राजा’ पूर्ण येते आणि पुढच्या ‘र’चे तीनपैकी दोनच बाइट येतात. उरलेला `B0` हा बाइट तो पातळीचा आरंभ समजतो. देवनागरीच्या प्रत्येक बाइटाचा वरचा बिट १ असतो, त्यामुळे वाचणाऱ्याला प्रत्येक बाइटावर ‘पुढे आणखी आहे’ असेच दिसत राहते आणि तो दोन शब्दांमधल्या जागेपर्यंत, म्हणजे `20` पर्यंत, चालत जातो:

```
B0 E0 A4 BE E0 A4 AE 20
```

६४ बिटांचे पूर्णांक वाचणारा प्रोग्राम यातून पातळी म्हणून सतरा अंकी संख्या काढतो. ३२ बिटांपुरता वाचणारा असेल, तर त्याला पाचव्या बाइटाशी थांबून ‘पूर्णांक फार लांब’ अशी तक्रार करावी लागते. ती तक्रार पातळीच्या जागी उमटते, म्हणून शोध चुकीच्या ठिकाणी सुरू होतो. दोष मात्र आधीच्या स्ट्रिंगच्या लांबीत असतो. `Rajaram Bandhara` या रोमन नावात चिन्हे आणि बाइट दोन्ही १६ असल्याने अशा चाचणीत हा दोष कधीच दिसत नाही.

म्हणून लिहिताना आधी स्ट्रिंगचे बाइट करावेत आणि मगच मोजावे:

```python
def write_string(out, s):
    data = s.encode("utf-8")
    n = len(data)
    while n >= 128:
        out.append((n & 127) | 128)
        n >>= 7
    out.append(n)
    out.extend(data)
```

हा क्रम उलटा करता येत नाही, कारण बाइटांची संख्या कळल्याशिवाय तिच्यासाठी किती जागा लागेल हेही कळत नाही. वाचणाऱ्याच्या बाजूला मला दोन तपासण्या अनिवार्य वाटतात: ३२ बिटांच्या लांबीसाठी पाचपेक्षा जास्त बाइट स्वीकारू नयेत, आणि मिळालेली लांबी संदेशात शिल्लक असलेल्या बाइटांशी ताडून पाहिल्याशिवाय स्मृती मागू नये. नाहीतर बिघडलेल्या पाच बाइटांच्या भरवशावर प्रोग्राम चार गिगाबाइटपर्यंत जागा मागू शकतो.

चाचणीसाठी देवनागरीची ४२ चिन्हे आणि एक जागा घ्यावी: १२७ बाइट, प्रीफिक्स `7F`. आणखी एक जागा वाढवली की १२८ होतात आणि प्रीफिक्स `80 01` असा दोन बाइटांचा यायला हवा.